चेक डिजिट तपासा, क्रमांक विसरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखक्रमांक बरोबर टाइप झाला आहे की नाही एवढंच बघायचं आहे, पण तो क्रमांक आपल्याकडे राहायला नको आणि उत्तरातही परत दिसायला नको, अशी गरज असलेल्यांसाठी हे पान आहे. गणित सोपं आहे, ते पहिल्या काही प्रश्नांत आटपतं. क्रमांक कुठून कुठून गळतो हा खरा विषय, आणि तो बराच लांबतो.

चेक डिजिट म्हणजे नेमकं काय?

क्रमांकाच्या शेवटी जोडलेला एक अंक, जो आधीच्या सगळ्या अंकांवरून ठरतो. क्रमांक देणारी संस्था तो हिशेब करून जोडते. क्रमांक घेणारा तोच हिशेब पुन्हा करतो आणि जुळला नाही तर टाइप करताना काहीतरी चुकलं असं समजतो. या पद्धतींपैकी फार ठिकाणी वापरली जाणारी एक पद्धत लून यांची. आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६० मध्ये ते मंजूर झालं. त्यांनी हाताने चालवायचं एक छोटं यंत्र मांडलं होतं. आज बँकेची कार्डं आणि मोबाइल हँडसेटचा आयएमईआय क्रमांक याच पद्धतीवर चालतात.

इथे उदाहरणासाठी एक काल्पनिक सभासद क्रमांक घेऊ: दहा अंकी, त्यातला शेवटचा चेक डिजिट. क्रमांक आहे ४८२७१०९६८९.

हिशेब हाताने करून दाखवाल का?

उजवीकडून सुरुवात करायची. शेवटचा ९ हा चेक डिजिट, तो तसाच ठेवायचा. त्यानंतर डावीकडे सरकताना एक आड एक अंक दुप्पट करायचा, आणि दुप्पट ९ च्या वर गेली तर त्यातून ९ वजा करायचे.

८ ची दुप्पट १६, वजा ९ म्हणजे ७. पुढचा ६ तसाच. ९ ची दुप्पट १८, वजा ९ म्हणजे पुन्हा ९. शून्य तसंच. १ चे २. ७ तसाच. २ चे ४. ८ तसाच. शेवटी डावीकडच्या टोकाच्या ४ चे ८. आता बेरीज करा: ७, ६, ९, ०, २, ७, ४, ८, ८ यांची बेरीज ५१. त्यात चेक डिजिट ९ मिळवला की ६०. दहाने नि:शेष भाग गेला, म्हणजे क्रमांक जुळला.

आता कुणी १ आणि ७ यांची अदलाबदल करून ४८२१७०९६८९ असं टाइप केलं समजा. ७ आता दुपटीच्या जागी आला, त्याचे १४ वजा ९ म्हणजे ५. १ साध्या जागी आला, तो १ च. आधी या दोघांचे मिळून ९ होत होते, आता ६ झाले. एकूण बेरीज ५७. भाग जात नाही, चूक पकडली.

उजवीकडूनच का? डावीकडून मोजलं तर चालत नाही का?

कधी कधी चालतं, आणि म्हणूनच ही चूक बराच काळ लपून राहते. क्रमांकाची लांबी सम असेल तर डावीकडचा पहिला अंक आपसूकच दुपटीच्या जागी येतो. सोळा अंकी कार्डासाठी लिहिलेला, डावीकडून पहिला अंक दुप्पट करत जाणारा कोड म्हणूनच बरोबर उत्तरं देतो. तोच कोड पंधरा अंकी आयएमईआयला लावला की चांगले क्रमांक धडाधड नापास होतात. उजवीकडून मोजलं तर लांबीचा प्रश्नच उरत नाही.

कुठल्या चुका यातून निसटतात?

एका अंकाच्या जागी दुसरा अंक पडला तर ती चूक शंभर टक्के पकडली जाते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही पकडली जाते, एक जोडी सोडून: ० आणि ९. आपल्याच उदाहरणात ती जोडी आहे. ४८२७१०९६८९ ऐवजी ४८२७१९०६८९ टाइप करा, बेरीज पुन्हा ६० येते. कारण सरळ आहे. दुप्पट केल्यावर अंकात पडणारा फरक प्रत्येक अंकासाठी वेगळा असेल, तरच अदलाबदल लक्षात येते. शून्याची दुप्पट शून्य, फरक शून्य. ९ ची दुप्पट वजा ९ म्हणजे ९, फरक पुन्हा शून्य. हे दोघे कुठल्याही जागी बसले तरी तेवढीच भर घालतात.

दोन सारखे अंक बदलून दुसरे दोन सारखे अंक आले, म्हणजे २२ चे ५५, ३३ चे ६६ किंवा ४४ चे ७७ झाले, तर तेही निसटतं. आणि एक अंक मध्ये सोडून केलेली अदलाबदल, म्हणजे ४८२ चं २८४, ती तर कधीच सापडत नाही. ते दोन्ही अंक एकाच प्रकारच्या जागी असतात. सगळी शून्यं असलेला क्रमांकही बिनधास्त पास होतो. क्रमांकाच्या सुरुवातीला कितीही शून्यं लावली तरी बेरीज बदलत नाही, त्यामुळे लांबी वेगळी तपासलीच पाहिजे.

मग यापेक्षा कडक पद्धत का वापरू नये?

क्रमांकाचा साचा तुम्हीच ठरवत असाल तर जरूर वापरा. डच गणितज्ञ याकोबुस वेर्हूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली पद्धत शेजारच्या सगळ्या अदलाबदली पकडते. २००४ मधली डाम यांची पद्धतही पकडते. पण साचा दुसऱ्याने ठरवलेला असेल तर पद्धतही त्याचीच वापरावी लागते. या पानावरचं बाकी सगळं कुठल्याही पद्धतीला जसंच्या तसं लागू आहे.

जुळला म्हणजे तो क्रमांक खरा आहे ना?

नाही. मनात येतील ते दहा अंक लिहिले तरी साधारण दहातला एक क्रमांक जुळणारच. चेक डिजिट फक्त टायपिंगची चूक पकडतो. असा क्रमांक कुणाला दिला गेला आहे का, समोरचा माणूस तोच आहे का, यातलं काहीही तो सांगत नाही. म्हणून उत्तरात ‘वैध ओळखपत्र’ असले शब्द नकोत. ‘क्रमांकाची रचना जुळते’ एवढंच म्हणा.

तपासायला क्रमांक कुठेतरी साठवावा लागतोच ना?

अजिबात नाही. वरचा हिशेब नीट बघा: एका वेळी एक अंक हातात, आणि सोबत चालू बेरीज. बेरीज दहाच्या बाकीत ठेवली तर लक्षात ठेवायला एकच अंक लागतो. डेटाबेस, तात्पुरती फाईल, कॅशे यातलं काही लागत नाही. हे स्पष्ट लिहायचं कारण असं की ‘आधी नोंद करू, मग तपासू, चुकीची असेल तर काढून टाकू’ ही रचना फार ठिकाणी दिसते. काढून टाकलेली नोंद बॅकअपमध्ये, प्रतिकृतीत आणि व्यवहाराच्या लॉगमध्ये राहून जाते. तपासणी आधी, नोंद नंतर. आणि फक्त तपासणीच हवी असेल तर नोंद नकोच.

निकालात मग काय द्यायचं?

ठरावीक, मोजक्या शब्दांची यादी. माझ्या मते चार पुरेत: `OK`, `LENGTH`, `CHARS`, `CHECK`. म्हणजे जुळला, लांबी चुकली, अंकांशिवाय काहीतरी आहे, बेरीज जुळली नाही. यातला एकही शब्द आत आलेल्या मजकुरापासून बनत नाही, त्यामुळे मजकूर त्यातून बाहेर पडण्याचा मार्गच नाही. निकालात मोकळा मजकूर ठेवला की आज ना उद्या कुणीतरी सोयीसाठी त्यात क्रमांक चिकटवणार, हे गृहीत धरा.

```python
def check_id(s):
    if len(s) != 10:
        return "LENGTH"
    if not (s.isascii() and s.isdigit()):
        return "CHARS"
    total = 0
    for i, c in enumerate(reversed(s)):
        n = ord(c) - 48
        if i % 2:
            n *= 2
            if n > 9:
                n -= 9
        total += n
    return "OK" if total % 10 == 0 else "CHECK"
```

वापरणाऱ्याला दाखवायचं वाक्य या शब्दांवरून वेगळ्या ठिकाणी ठरवा. `CHECK` आलं तर ‘एखादा अंक चुकला असावा, क्रमांक पुन्हा बघून भरा’. तेवढं पुरतं.

‘शेवटचा अंक ३ आहे, ९ हवा होता’ असं सांगितलं तर लोकांना मदत नाही का होणार?

उलट नुकसान होईल. दहा अंकांपैकी चूक कुठल्याही अंकात असू शकते, शेवटच्याच अंकात असण्याचं काही खास कारण नाही. तुम्ही ‘९ हवा होता’ म्हटलंत की माणूस मुकाट्याने ९ टाकतो आणि चुकीचा क्रमांक आता पास होतो. पकडलेली चूक तुम्ही स्वतःच सोडून दिलीत. शिवाय या वाक्यात क्रमांकाचा एक अंक परत आलाच, आणि ते वाक्य लॉगमध्ये गेलं तर तिथेही राहिला. अंकाची जागा सांगणंही टाळा. साध्या लून पद्धतीला चूक कुठल्या जागी आहे ते कळतच नाही.

मी क्रमांक कुठेच छापत नाही. तरी तो लॉगमध्ये सापडला. कसा?

बहुतेक वेळा एररच्या संदेशातून. वरच्या कोडमध्ये `int(c)` न वापरता `ord(c) - 48` का वापरलं आहे, त्याचं कारण हेच. पायथनमध्ये अख्ख्या क्रमांकावर `int()` चालवलं आणि त्यात शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ अक्षर पडलं असेल, तर येणारा संदेश असा असतो:

```
ValueError: invalid literal for int() with base 10: '48271O9689'
```

तुम्ही काहीच छापलं नाही, भाषेनेच छापलं. जावातही तसंच, `Long.parseLong` फसलं की `For input string:` च्या पुढे अख्खा मजकूर येतो. आणि लक्षात घ्या, हे नेमकं कधी होतं? क्रमांक जवळपास बरोबर असताना. म्हणजे लॉगमध्ये जे साचतं ते कचरा नसतं, एका अक्षराने हुकलेले खरे क्रमांक असतात. कुणीही ते वाचून दुरुस्त करू शकतो.

एरर पकडून स्वतःचा स्वच्छ संदेश पुढे फेकला तरी सुटका होत नाही. पायथन जुनी एरर नव्या एररच्या मागे बांधून ठेवतं आणि ट्रेसबॅकमध्ये दोन्ही छापतं. मध्ये `During handling of the above exception, another exception occurred` अशी ओळ दिसते ती यामुळेच. ते थांबवायचं तर `raise BadId("CHARS") from None` असं लिहावं लागतं. पण पकडून झाकण्यापेक्षा एरर उठूच न देणं जास्त भरवशाचं. आधी लांबी आणि अक्षरं तपासली की पुढच्या हिशेबात फसण्यासारखं काही उरत नाही.

तपासणीच्या तयार लायब्रऱ्याही बघून घ्या. पायडँटिकच्या दुसऱ्या आवृत्तीत नापास झालेल्या किमतीचा मजकूर एररमध्ये `input_value=` म्हणून येतो. तो लपवायला मॉडेलच्या रचनेत `hide_input_in_errors=True` ठेवता येतं. मात्र `errors()` ही यादी घेऊन तीच उत्तरात पाठवत असाल तर तिथे `include_input=False` वेगळं द्यावं लागतं. एक केलं म्हणजे दुसरं झालं असं नाही.

आणि एरर गोळा करणारी साधनं. त्यातली बरीच ट्रेसबॅकसोबत फंक्शनमधल्या स्थानिक चलांच्या किमतीही उचलून नेतात. तुमच्या फंक्शनमध्ये `s` आहे, तर `s` जाणार. या साधनांत स्थानिक चलं पाठवणं बंद करायची सोय असते; क्रमांक हाताळणाऱ्या सेवेत ती बंदच ठेवा.

कोडमध्ये `isascii()` कशासाठी? `isdigit()` पुरेसं नाही का?

मराठी कीबोर्डवरून भरणाऱ्यांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पायथनच्या `isdigit()` ला देवनागरी ४८२७ हेही अंकच वाटतात, आणि `int()` ते बरोबर वाचतं. पण `ord(c) - 48` केलं तर देवनागरी ४ चे ४ येत नाहीत, दोन हजारांच्या वरचा भलताच आकडा येतो. अजून गंमत म्हणजे वर्गाच्या खुणेतला छोटा २, म्हणजे `²`, हाही `isdigit()` ला चालतो, पण `int()` ला चालत नाही. ते एरर देतं, आणि एररमध्ये अर्थातच मजकूर.

म्हणून आत फक्त `0` ते `9` येऊ द्यायचे. देवनागरी अंक स्वीकारायचे असतील, आणि मराठी फॉर्मवर ते स्वीकारायला हवेत असंच माझं मत आहे, तर तपासणीच्या आधी ते बदलून घ्या. चुकांची यादी वाढवत बसण्यापेक्षा हे सोपं:

```python
s = s.translate(str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789"))
```

मोकळ्या जागा आणि जोडरेषाही इथेच काढा. लोक चार-चार अंकांच्या गटात लिहितात, ती त्यांची चूक नाही.

फॉर्म वेबवर आहे. तिथे काय सांभाळायचं?

पहिली गोष्ट, क्रमांक यूआरएलमध्ये नको. `GET` ने पाठवलेला फॉर्म क्रमांक पत्त्यातच चिकटवतो, आणि वेब सर्व्हरच्या नेहमीच्या ॲक्सेस लॉगमध्ये तो पत्ता जसाच्या तसा उतरतो. ब्राउझरच्या इतिहासातही राहतो. `POST` वापरा, आणि विनंतीचा मजकूर लॉग करणारं काही मध्ये बसलेलं नाही ना ते बघा.

दुसरी गोष्ट, फॉर्म नापास झाला की तो पुन्हा दाखवताना बरेच फ्रेमवर्क भरलेली किंमत चौकटीत परत घालतात. म्हणजे क्रमांक सर्व्हरकडून परत आला, पानाच्या स्रोतात उमटला आणि वाटेत कुणी पान साठवत असेल तर तिथेही. ही चौकट परत येताना रिकामी ठेवा. दहा अंक पुन्हा भरायला लागले म्हणून लोक थोडे वैतागतील, तेवढं सोसावं. चौकटीला `autocomplete="off"` आणि `inputmode="numeric"` द्या. `type="number"` नको, हा बेरीज-वजाबाकीचा आकडा नाही, सुरुवातीची शून्यंही त्यात महत्त्वाची असतात.

सर्वांत बरं म्हणजे हिशेब ब्राउझरमध्येच करा. दहा ओळींचा हिशेब आहे, त्यासाठी क्रमांकाने घर सोडायची गरज नाही. क्रमांक पुढे पाठवायचाच असेल तर सर्व्हरवर पुन्हा तपासा, कारण ब्राउझरमधली तपासणी कुणीही ओलांडू शकतो. पण नुसतं ‘जुळतो का’ एवढंच सांगणारं पान असेल तर सर्व्हरला तो क्रमांक कळायचं कारणच नाही.

क्रमांकाऐवजी त्याचा हॅश ठेवला तर चालेल ना?

चालणार नाही, आणि ही समजूत फार पसरलेली आहे. हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरं, पण इथे उलटा फिरवावाच लागत नाही. दहा अंकी साच्यात चेक डिजिट आधीच्या नऊ अंकांवरून ठरतो, म्हणजे शक्य असलेले क्रमांक सगळे मिळून एक अब्ज. ते सगळे एकामागून एक बनवायचे, प्रत्येकाचा हॅश काढायचा आणि तुमच्याकडच्या हॅशशी ताडून बघायचं. एसएचए-२५६ सारखा साधा हॅश एखादं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावारी काढतं. अर्थात, तुमचा हॅश फुटायला काही सेकंदही लागणार नाहीत. बारा अंकी साचा घेतला तरी काम शंभर पटच वाढतं, म्हणजे मिनिटा-दोन मिनिटांची गोष्ट. चेक डिजिट इथे हल्लेखोराच्या बाजूने काम करतो: दहातले नऊ क्रमांक तो बघायच्या आधीच गाळतो.

‘हाच क्रमांक आधी येऊन गेला का’ हे खरोखरच बघायचं असेल तर गुप्त किल्ली घातलेला हॅश, म्हणजे एचमॅक, आणि ती किल्ली वेगळ्या ठिकाणी. पण मग तुम्ही माणसाची ओळख पटवणारी खूण साठवत आहात, ‘काही साठवत नाही’ असं म्हणता येणार नाही. फक्त तपासणीसाठी हॅशचा काहीच उपयोग नाही.

शेवटचे चार अंक दाखवून बाकी झाकले तर?

शेवटच्या चारात चेक डिजिट आहे, ते विसरू नका. दहा अंकांतले सहा झाकले की दहा लाख शक्यता उरतात असं वाटतं. पण चेक डिजिट दिसतो आहे, त्यामुळे न जुळणाऱ्या सगळ्या गळतात आणि एक लाखच उरतात. तपासणीच्या निकालात झाकलेला क्रमांकही नकोच. तो दाखवून सांगायचं काय आहे? ज्याने भरला त्याला तो माहीत आहे.

हजारो क्रमांकांची फाईल तपासायची आहे. कुठला चुकला ते क्रमांक न लिहिता कसं सांगू?

ओळीचा क्रमांक आणि निकालाचा शब्द. ‘ओळ २१४: CHECK’. मूळ फाईल ज्याच्याकडे आहे त्याला एवढं पुरतं, आणि अहवाल भलत्याच्या हाती गेला तरी त्यातून काही कळत नाही. फक्त फाईल मध्येच कुणी क्रमाने लावली तर ओळी सरकतात, तेवढं बजावून ठेवा.

अहवालाच्या शेवटी प्रत्येक शब्द किती वेळा आला त्याची संख्या द्या. एकही क्रमांक न बघता त्या संख्यांवरून बरंच काही ओळखता येतं. शंभरातले नव्वदच्या आसपास `CHECK` मध्ये गेले तर माणसांनी एवढ्या चुका केलेल्या नाहीत. तुम्ही चुकीचा रकाना वाचताय किंवा चुकीची पद्धत लावलीय. कारण कुठलेही बेतालपणे निवडलेले अंक दहात एकदा जुळतातच. एखाद-दुसरा टक्का `CHECK` असेल तर ते टायपिंग. आणि भरपूर `LENGTH` आले, तेही एक-दोन अंक कमी असलेले, तर सुरुवातीची शून्यं कुठेतरी उडाली आहेत.

ही शून्यं उडतात कुठे?

बहुतेक वेळा एक्सेलमध्ये. रकाना मजकूर म्हणून न ठेवता तसाच सोडला तर एक्सेल क्रमांकाला आकडा समजतं आणि सुरुवातीची शून्यं टाकून देतं. लांब क्रमांकात याहून वाईट होतं. एक्सेल आकड्याचे पंधराच अंक अचूक धरतं. सोळा अंकी क्रमांक घातलात तर सोळावा अंक शून्य होतो, आणि सोळावा अंक म्हणजे नेमका चेक डिजिट. अशी फाईल तपासली की ज्यांचा चेक डिजिट मुळातच शून्य होता तेवढेच जुळतात, म्हणजे पुन्हा तेच दहा टक्के. त्या फाईलमधून मूळ अंक परत मिळत नाही, असं लोकांना वाटतं. खरं तर सुरुवातीचे पंधरा अंक शाबूत असतील तर चेक डिजिट नव्याने काढता येतो. पण तसं करू नका. त्या पंधरात टायपिंगची चूक असेल तर तिच्यावर बरोबरचा शिक्का बसेल. मूळ कागदावरून पुन्हा भरून घ्या, यावेळी रकाना मजकुराचा ठेवून.

सीएसव्हीत `4.82711E+15` असं काही दिसलं तर तिथे अंकच गेलेले आहेत. तो `CHARS` किंवा `LENGTH` म्हणून बाहेर पडेल.

चाचण्यांमध्ये खरे क्रमांक वापरले तर काय बिघडलं? त्या तर आमच्याच मशीनवर चालतात.

आणि त्यांचा निकाल कुठे जातो? पायटेस्टमध्ये `assert check_id("4827109689") == "CHECK"` नापास झालं की ते मदत म्हणून फंक्शनला दिलेला मजकूरही छापतं. एकच चाचणी अनेक क्रमांकांवर चालवायला पॅरामीटर दिलेत तर क्रमांक चाचणीच्या नावातच बसतो, म्हणजे पास झाली तरी विस्तृत यादीत दिसतो. मग तो बिल्ड सर्व्हरच्या लॉगमध्ये, आणि कोडसोबत आवृत्तीच्या इतिहासात. तिथून तो काढणं जिकिरीचं काम आहे.

हातात कागद-पेन्सिल घेऊन बनवलेले क्रमांक वापरा. क्रमांक देणाऱ्या संस्थेने चाचणीसाठी एखादी मालिका राखून ठेवली असेल तर त्यातले घ्या. हाताने बनवलेला जुळणारा क्रमांक योगायोगाने कुणाचा तरी असू शकतो, हे ध्यानात ठेवून तो बाहेरच्या कुठल्याही सेवेला पाठवू नका.

कमांड लाइनवरून तपासणारं साधन बनवतोय. क्रमांक आर्ग्युमेंट म्हणून घेऊ का?

नको. तो शेलच्या इतिहासात राहतो, आणि साधन चालू असेपर्यंत त्याच मशीनवरचे दुसरे वापरकर्ते `ps` मध्ये तो बघू शकतात. स्टँडर्ड इनपुटवरून वाचा. माणूस समोर बसून टाइप करणार असेल तर `getpass` वापरा, म्हणजे पडद्यावरही उमटणार नाही.

काम झाल्यावर मेमरीतून क्रमांक पुसायला हवा का?

पायथन, जावा, जावास्क्रिप्ट यांत स्ट्रिंग बदलता येत नाही, त्यामुळे ती खात्रीने पुसताही येत नाही. जावात `char[]` घेऊन शेवटी शून्यं भरता येतात, पण तो मजकूर तुमच्यापर्यंत येताना वेब सर्व्हरने आधीच दोन-चार प्रती केलेल्या असतात. माझं मत असं की आधी लॉग, एरर आणि यूआरएल ही तीन भोकं बुजवा. मेमरीची काळजी करायची तर क्रॅश झाल्यावर पडणारे कोअर डंप बंद करा; त्या वाटेने मेमरी डिस्कवर उतरते.

हे सगळं केलं. क्रमांक खरंच कुठे राहत नाही, हे कसं पडताळायचं?

खुणेचा एक क्रमांक आत पाठवून. असा बनावट क्रमांक घ्या की जो तुमच्याकडे दुसरीकडे कुठेच असणार नाही, आणि तो प्रत्येक वाटेने एकदा आत पाठवा: एकदा जुळणारा, एकदा शेवटचा अंक चुकवून, एकदा मध्ये एक अक्षर घालून, एकदा एक अंक कमी करून, एकदा देवनागरीत, एकदा गटांमध्ये मोकळी जागा सोडून. नापास होणाऱ्या वाटा जास्त महत्त्वाच्या, गळती तिथेच होते. मग लॉगच्या सगळ्या फोल्डरांत शोधा:

```
grep -rniE '4827|४८२७|%E0%A5%AA%E0%A5%AE%E0%A5%A8%E0%A5%AD' /var/log/myapp
```

अख्खा क्रमांक शोधू नका, सुरुवातीचे चारच अंक शोधा. मध्ये मोकळी जागा असेल तर यूआरएलमध्ये ती `%20` किंवा `+` होते आणि अख्खा क्रमांक सापडत नाही. देवनागरी ४८२७ यूआरएलमध्ये `%E0` ने सुरू होणाऱ्या खुणांत बदलतात, म्हणून शोधात तिसरा नमुना त्यांचा आहे. चार अंक इतरत्रही जुळतील, वेळेच्या आकड्यांत वगैरे, ते हाताने गाळावे लागतात. गुंडाळून ठेवलेल्या जुन्या लॉगसाठी `zgrep`, आणि एरर गोळा करणाऱ्या साधनाच्या पानावर वेगळा शोध. काही सापडलं तर कुठल्या वाटेचा नमुना सापडला त्यावरून गळतीची जागा लगेच कळते: अक्षर घातलेलाच नमुना दिसला तर कुठेतरी अजून `int()` शिल्लक आहे, सगळेच नमुने दिसले तर विनंतीचा अख्खा मजकूर कुणीतरी लॉग करतंय.

नवीन लायब्ररी घेतली किंवा लॉगिंगची रचना बदलली की हीच फेरी पुन्हा मारा, दरवेळी वेगळा क्रमांक घेऊन. नाहीतर मागच्या फेरीचे अवशेष सापडतील आणि उगाच धावपळ होईल.